अडीच हजारांचा वास

माझा एक भाचा सांगलीत विश्रामबागेत राहतो. नुकताच नोकरीला लागलाय, आणि त्याच्या कपाटात पुस्तकांपेक्षा सेंटच्या बाटल्या जास्त आहेत. आमच्या लहानपणी सेंटचा संबंध लग्नापुरता यायचा. मांडवाच्या दारात कुणीतरी अत्तरदाणी घेऊन उभं असायचं, हातावर एक बोट फिरवायचं, वरून गुलाबदाणीतलं पाणी शिंपडायचं, की झालं. ही पोरं मात्र रोज सकाळी आंघोळ झाल्यावर आज कुठली बाटली यावर विचार करतात. यूट्यूबवर तासन् तास ऐकून त्यांची एक भाषाच तयार झाली आहे. प्रोजेक्शन खतरनाक आहे, आठ तास हलत नाही, वगैरे.

तर हा परवा विचारायला आला. 'मामा, नाव तेच, बाटली तेवढीच, शंभर मिली. एका खोक्यावर ईडीटी लिहिलंय, दुसऱ्यावर ईडीपी. अडीच हजारांचा फरक आहे. दुकानदार म्हणतो, ईडीपी घ्या, ह्याच्यात तेल जास्त, दिवसभर टिकतंय. खरं काय ओ?'

मला विचारलं, कारण माझी नोकरीची बरीच वर्षं मुंबईच्या बाजूला सुगंधी कंपाउंड बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. साबण, उदबत्ती, डिओ, सेंट, जे म्हणाल त्याचा वास कुणीतरी आधी काट्यावर तोलून बनवलेला असतो. आमचं काम तो हुंगून सांगायचं की जमला का, आणि किती वेळ राहतो.

दुकानदार खोटं बोलत नव्हता. पण त्याच्या वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी एकाच दोरीत ओवल्या होत्या: तेल किती, टिकतं किती आणि पैसे किती. या तिघांचं नातं आहे, पण ते भाऊबंदकीचं. कागदोपत्री एकत्र, प्रत्यक्षात ज्याचं त्याचं वेगळं.

आधी बाटलीत काय असतं ते पाहू. मुख्यतः तीनच वस्तू: अल्कोहोल, थोडं पाणी आणि कंपाउंड. कंपाउंड म्हणजे सगळे सुगंधी घटक एकत्र केलेलं तेल. हाच खरा वास, बाकी सगळं त्याला वाहून नेणारं. ओ द टॉयलेट, म्हणजे ईडीटी, यात हे कंपाउंड साधारण ५ ते १५ टक्के असतं. ओ द परफ्यूम, म्हणजे ईडीपी, यात १५ ते २० टक्के. नुसतं 'परफ्यूम' किंवा 'एक्स्ट्रे' लिहिलं असेल तर २० ते ३०, क्वचित त्याहून वर. कोलोन सगळ्यांत खाली, २ ते ५. हे आकडे व्यवसायातली वहिवाट आहेत, कायदा नव्हे. अमुक टक्क्यांच्या खाली असेल तर ईडीपी म्हणू नये असा जगभर लागू असलेला नियम नाही. एका कंपनीची १५ टक्क्यांची बाटली ईडीटी म्हणून विकली जाते आणि दुसरीची १३ टक्क्यांची ईडीपी म्हणून, आणि दोघींनाही कुणी अडवत नाही. त्यामुळे ही अक्षरं एकाच घरातल्या दोन बाटल्यांची तुलना करायला बरी. दोन वेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या त्यांच्यावरून जोखायच्या नाहीत.

आणि एक गंमत आपल्या भागाची. बाटलीतला मोठा हिस्सा, ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत, ते अल्कोहोल. आपल्या भागात ते मुख्यतः उसाच्या मळीपासूनच निघतं. वाळव्याकडून जाताना कारखान्याच्या डिस्टिलरीचा जो वास गाडीत शिरतो आणि सगळे काचा वर करतात, त्याच वाटेवर पुढे आणखी शुद्ध करत गेलं की बिनवासाचं स्पिरिट मिळतं. पिता येऊ नये म्हणून त्यात काहीतरी कडू मिसळतात आणि मग ते सेंटात जातं. फ्रान्सचं नाव असलेल्या बाटलीत ऊस सांगलीचा नसेल, पण अल्कोहोलची जात तीच.

आता मूळ गैरसमज. बहुतेकांना वाटतं की हे सरबतासारखं आहे. सिरप एकच, ईडीटीत पाणी जास्त घातलं, ईडीपीत कमी. भाच्याचंही तेच म्हणणं होतं. 'मग ईडीटी दुप्पट मारली की झाली ना ईडीपी?' तसं होत नाही, कारण बहुतेक वेळा दोन बाटल्यांतलं सिरपच वेगळं असतं.

जुनं, गाजलेलं उदाहरण शनेल नंबर फाइव्हचं. मूळ परफ्यूम अर्नेस्ट बो यांनी १९२१ साली बनवलं. त्याच नावाची ईडीपी आली ती १९८६ मध्ये, जाक पोल्ज यांच्या हातून, म्हणजे पासष्ट वर्षांनी. ते मूळ कंपाउंड जास्त अल्कोहोलमध्ये ओतून मोकळे झाले नाहीत. त्यांनी ते त्या काळच्या नाकासाठी नव्याने रचलं. आजच्या पोरांच्या ओळखीचं उदाहरण घ्यायचं तर दियोरचं सोवाज. ईडीटी २०१५ ची, ईडीपी २०१८ ची, मग २०१९ मध्ये परफ्यूम, २०२१ मध्ये इलिक्सिर. बनवणारे एकच, फ्रान्स्वा देमाशी. पण ईडीपीत व्हॅनिला आलं, धार कमी झाली आणि वास गोलसर झाला. इलिक्सिर तर मसाल्याकडे इतकं झुकलंय की डोळे मिटून हुंगलं तर नातं लागायला वेळ लागतो.

असं का करतात? निव्वळ नवं काहीतरी विकायला, हे एक कारण आहेच. पण कारागिराच्या बाजूनेही अडचणी असतात, आणि त्या दुकानात कुणी सांगत नाही.

सेंटात कुठला घटक किती घालायचा याची मर्यादा इफ्रा नावाची आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना ठरवते. मोठ्या कंपन्या ती पाळतात. ही मर्यादा तयार बाटलीतल्या प्रमाणावर असते, कंपाउंडमधल्या नव्हे, आणि सगळी गोम इथेच आहे. ओकमॉस म्हणून दगडफुलाच्या कुळातलं एक लायकेन आहे. आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचा चुलतभाऊच म्हणा. जुन्या धाटणीच्या पुरुषी सेंटांचा तो पाया. पण काहींच्या त्वचेला त्याची ॲलर्जी होते, म्हणून त्याच्या अर्काला तयार मालात ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. समजा ईडीटीत कंपाउंड १० टक्के आहे आणि कंपाउंडमध्ये ओकमॉस १ टक्का. म्हणजे बाटलीत बरोबर ०.१ टक्का, मर्यादेच्या काठावर. आता तेच कंपाउंड २० टक्के घालून ईडीपी केली तर ओकमॉस ०.२ टक्के होणार. चालणार नाही. म्हणजे ईडीपीच्या कंपाउंडमध्ये ते निम्म्यावर आणायला लागतं आणि पाया हलला की वरचं सगळं पुन्हा बसवावं लागतं.

वरच्या टोकालाही तेच. बर्गमोट हे लिंबाच्या जातीचं फळ, त्याच्या सालीचं तेल सेंटाला पहिला ताजेपणा देतं. त्यात बर्गाप्टेन नावाचा घटक असतो. तो त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग राहतात. म्हणून अंगावर राहणाऱ्या मालात साध्या बर्गमोट तेलाला ०.४ टक्क्याची मर्यादा आहे. बर्गाप्टेन काढून टाकलेलं तेल मिळतं, तेच हल्ली जास्त वापरतात. पण एकूण हिशेब असा की कंपाउंड दुप्पट केलं म्हणून त्यातला प्रत्येक घटक दुप्पट करता येत नाही.

शिवाय नाकाचा स्वभाव. तेल दुप्पट केलं म्हणून वास दुप्पट वाटत नाही, आणि प्रत्येक घटकाच्या बाबतीत हे गणित निराळं. काही घटक थोडे वाढवले तरी डोक्यात जातात, काही कितीही वाढवा, जेमतेम फरक कळतो. त्यामुळे हलक्या प्रमाणात सुरेख वाटलेली रचना दुप्पट घट्ट केली की कधीकधी कोंदट होते. प्रयोगशाळेत आम्ही हे सारखं पाहायचो. दहा टक्क्यांना पास झालेला वास वीस टक्क्यांना नापास.

भाच्याला हे सगळं तोंडी पटेना. मग म्हटलं, चल, बघूच. त्याच्या मित्राकडे सोवाजची ईडीटी होती, याच्याकडे ईडीपीची छोटी सॅम्पल बाटली. माझ्याकडे अजून ब्लॉटर पडून आहेत, म्हणजे हुंगायच्या कागदी पट्ट्या. नसतील तर जाड, बिनवासाच्या ड्रॉइंग पेपरच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या तरी चालतात. दोन्हींवर एकेक फवारा, पेन्सिलीने खूण, आणि एकमेकींना लागणार नाहीत अशा चिमट्यात टेबलावर उभ्या केल्या. फवारल्यावर लगेच नाक लावायचं नाही. अर्धा मिनिट थांबायचं, अल्कोहोल उडून जाऊ द्यायचं. ते उडताना नाकात जी झिणझिणी येते ती वास नव्हे. दुकानात निम्मी गिऱ्हाइकं तिलाच 'स्ट्राँग आहे' म्हणतात.

पहिल्या पाच मिनिटांत ईडीटी जास्त जोरात होती. भाचा चाट पडला. बर्गमोट आणि मिरीची ती टोकदार लाट खोलीच्या दुसऱ्या टोकाला कळत होती. ईडीपी तुलनेने गुळगुळीत, मागे राहिलेली. तासाभराने पारडं फिरलं. ईडीटी पातळ झाली होती, ईडीपीत गोडसर भरीवपणा आला होता. जेवणं झाल्यावर पुन्हा हुंगलं, तेव्हा ईडीपी स्पष्टपणे पुढे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी पट्ट्या नाकाला लावल्या तेव्हा दोन्हींवर जवळजवळ एकच वास उरला होता: कोरडा, लाकडासारखा, जरासा खारट. तो ॲम्ब्रॉक्सन नावाच्या कृत्रिम सुगंधी घटकाचा. हा पदार्थ कागदावर दिवसच्या दिवस बसून राहतो, मग बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

म्हणजे 'ईडीपी टिकते' हे खरं ठरलं का? मधल्या काही तासांपुरतं, हो. सुरुवातीला उलटंच होतं आणि शेवटी फरक जवळपास मिटला होता.

हे असं का होतं ते कळायला मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेठेत एक चक्कर पुरे. हळदीच्या रिकाम्या पोत्याला महिनोन्महिने वास येतो. हमालाच्या कपड्यांचा तर धुऊनही जात नाही. आणि घरात लिंबाची साल सोलली तर तो तजेलदार वास पाच-दहा मिनिटांत नाहीसा. हळदीच्या तेलातला मुख्य घटक टर्मेरोन, त्याचा रेणू मोठा आणि जड. लिंबाच्या सालीतला लिमोनीन लहान आणि हलका. जड रेणू हवेत उडायला आळशी, हलका उतावळा. सेंटातले घटकही असेच. सगळ्यांत वर लिंबू-संत्र्याचे, मधे फुलांचे, तळाशी लाकूड, राळ, कस्तुरीसारखे.

यांच्या उडण्याच्या वेगातला फरक थोडाथोडका नाही. नेहमीच्या तापमानाला लिमोनीनचा बाष्पदाब हा गॅलॅक्सोलाइड या कृत्रिम कस्तुरीच्या बाष्पदाबापेक्षा हजार पटींहून जास्त आहे. आता ईडीटी-ईडीपीतला फरक याच्या शेजारी ठेवून बघा. तेल १० टक्क्यांवरून १८ वर गेलं, म्हणजे दुपटीपेक्षाही कमी. ढोबळ अंदाज म्हणून तेवढ्याच जागेवर दुप्पट तेल पडलं तर ते उडायलाही साधारण दुप्पट वेळ लागेल असं धरू. लिंबाचा वास पंधरा मिनिटांऐवजी अर्धा तास राहील. सहा तास कधीच राहणार नाही. आणि कस्तुरी तर तशीही दुसऱ्या दिवसापर्यंत होतीच. दुपटीचा खेळ एकीकडे, हजार पटींचा दुसरीकडे. म्हणून एखादा सेंट किती टिकेल हे आधी ठरतं त्यात काय आहे यावर, आणि किती आहे ते नंतर.

याचा पुरावा बाजारातच आहे. म्युग्लर कंपनीचं ए-मेन १९९६ मध्ये आलं, ते ईडीटी. पण आत पॅचौली, कॉफी, कॅरॅमल असा सगळा जड ऐवज. शर्टाला लागलं तर धुतल्याशिवाय सोडत नाही. उलट लिंबू आणि संत्र्याच्या फुलांवर बेतलेल्या कितीतरी महागड्या ईडीप्या दुपारच्या जेवणापर्यंतही येत नाहीत. त्यांची ती प्रकृतीच आहे. लिंबाचं सेंट घ्यायचं आणि टिकत नाही म्हणून दुकानदाराशी भांडायचं, याला अर्थ नाही.

कंपन्या मात्र हे जाणून असतात, आणि ईडीपी बनवताना वरचा लिंबाचा भाग कमी करून खालचा व्हॅनिला, लाकूड, कस्तुरीचा भाग वाढवतात. मग ती जास्त टिकते आणि श्रेय 'तेल जास्त' याला जातं. अर्धं श्रेय बदललेल्या यादीचं असतं.

टिकण्याच्या तक्रारींत आणखी एक आरोपी असतो, आपलंच नाक. भाच्याने एका दुपारी ईडीपी मारली आणि दोन तासांत म्हणाला, 'मामा, गेला वास.' आतून वहिनी ओरडली, 'गेला कुठला! भाजीला फोडणी दिली तरी तुझाच वास येतोय.' सतत समोर असलेला वास मेंदू काढून टाकतो. तळाचे घटक तासन् तास एकाच पट्टीत वाजत राहतात, म्हणून तेच आधी ऐकू येईनासे होतात. त्यात काही कृत्रिम कस्तुरी अशा असतात की त्या बऱ्याच माणसांना मुळातच येत नाहीत किंवा अगदी पुसट येतात. शेजारच्याला मात्र येतात. म्हणून आपला सेंट आपणच जोखायचा नाही. बाहेर चक्कर मारून आल्यावर घरातल्या कुणाला विचारायचं, नाहीतर सकाळी शर्टाच्या आतल्या कडेला एक फवारा मारून रात्री ती कड हुंगायची. मनगटाला दर दहा मिनिटांनी नाक लावणाऱ्याला काहीच कळत नाही.

आणि सांगलीचा वैशाख विसरू नका. चाळीस अंशांत, घामाने भिजलेल्या अंगावर सगळंच लवकर उडतं. तिथे घट्ट, गोड ईडीपी पहिल्या तासात अंगावर येते, विशेषतः एसटीत. उन्हाळ्यात मी ईडीटीचीच बाजू घेईन. कमी टिकते, पण निदान शेजारचा माणूस उठून जात नाही.

आता पैसे. भाच्याला खरा रस त्यातच होता, म्हणून वही घेतली. शंभर मिली सेंटाचं वजन साधारण ८५ ग्रॅम भरतं, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. ईडीटीत १० टक्के कंपाउंड धरलं तर ८.५ ग्रॅम. ईडीपीत १८ टक्के धरलं तर १५ ग्रॅमच्या किंचित वर. फरक जवळपास ७ ग्रॅम. समजा कंपाउंडचा भाव किलोला १५,००० रुपये. मग ७ ग्रॅमचे झाले १०५ रुपये. चांगल्यातलं, दुप्पट भावाचं धरलं तरी २१०. आणि त्या ७ ग्रॅमच्या जागी ईडीटीत जे अल्कोहोल-पाणी होतं त्याची किंमत चहाच्या एका कपाएवढीही नाही. खोक्यांतला फरक मात्र अडीच हजारांचा.

'मग बाकीचे कुठं जातात?'

दोन्ही बाटल्यांना काच सारखीच, खोकं सारखंच, जाहिरातीतला नट तोच. आयातीचा कर, अठरा टक्के जीएसटी आणि दुकानाचा नफा हे सगळे किमतीच्या टक्केवारीत, म्हणजे किंमत चढली की तेही आपोआप चढतात. पण मुळात किंमत चढते ती कंपनीने तसं ठरवल्यामुळे. एक पायरी वरचा माल म्हणून तो मांडला की वरची पायरी चढायला तयार असलेलं गिऱ्हाईक ते पैसे देतं. यात फसवणूक नाही, पण ती तेलाची किंमतही नाही.

याला अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. कंपाउंडमध्ये खरं गुलाबाचं तेल असेल तर गणित फिरतं. एक किलो तेलाला साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. ते असलेलं कंपाउंड समजा किलोला एक लाखाचं झालं, तर तेच ७ ग्रॅम ७०० रुपयांचे. नैसर्गिक ऊद किंवा जुनं चंदन असेल तर आणखी वर. तिथे घट्ट प्रमाणाला खरोखरच पैसे लागतात. दुकानातल्या लोकप्रिय नावांच्या बाबतीत ही परिस्थिती क्वचितच असते.

तरीही ईडीपी घेणं वेडेपणा आहे असं वहीने सांगितलं नाही. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली निघतं, म्हणजे शंभर मिलीत हजारेक फवारे. ईडीटी ९,००० ची आणि ईडीपी ११,५०० ची धरू. ईडीटीचा फवारा ९ रुपयांना, त्यात तेल ८.५ मिलिग्रॅम. ईडीपीचा साडेअकरा रुपयांना, त्यात तेल १५ मिलिग्रॅम. आता ईडीटीचे पाच फवारे मारले तर ४५ रुपयांत ४२ मिलिग्रॅमच्या आसपास तेल अंगावर आलं. ईडीपीचे तीन मारले तर साडेचौतीस रुपयांत ४५ मिलिग्रॅम. म्हणजे तेलाच्या मापाने ईडीपी स्वस्त पडली! अट एवढीच की तीनवर थांबता आलं पाहिजे. भाचा दोन्ही बाटल्यांचे सहा-सहा मारतो. त्याच्या हिशेबात ईडीपी महागच.

खोकं हातात असेल तर आणखी एक जागा वाचण्यासारखी आहे. तळाशी बारीक अक्षरांत घटकांची यादी असते, जास्त प्रमाणाकडून कमीकडे. पहिलं नाव अल्कोहोल. दुसऱ्या क्रमांकावर काय आहे ते बघायचं. 'ॲक्वा', म्हणजे पाणी, आधी आणि 'परफ्यूम', म्हणजे इथे कंपाउंड, नंतर असेल तर त्या बाटलीत पाणी तेलापेक्षा जास्त आहे. 'परफ्यूम' आधी असेल तर उलटं. ईडीट्यांमध्ये पहिला क्रम बऱ्याचदा दिसतो, ईडीप्यांमध्ये दुसरा. याचं कारण हौसेचं नाही. तेल जास्त असेल तर ते विरघळून राहायला अल्कोहोल कडक लागतं. पाणी वाढलं की तेल बाहेर पडू लागतं आणि बाटली दुधट होते. कारखान्यात म्हणूनच मिश्रण काही आठवडे मुरवतात, मग थंड करून गाळतात. थंडीत जे गढूळ होणार ते आधीच होऊन निघून जावं म्हणून.

आणि बाटलीवर '८० टक्के व्हॉल्यूम' असं काही छापलेलं असतं, ते अल्कोहोलचं प्रमाण. भाच्याच्या एका मित्राला ते सुगंधाचं प्रमाण वाटत होतं आणि तो अभिमानाने दाखवत फिरत होता.

गाडी शेवटी रिफिलच्या दुकानांकडे वळलीच. हल्ली गावोगावी ही निघालीत. भिंतीवर ॲल्युमिनियमच्या बाटल्या, त्यांवर मोठमोठ्या ब्रँडची नावं, आणि काउंटरवर सिरिंज. पोरगा तुमच्यासमोर दहा मिली तेल ओढतो, वर वीस मिली स्पिरिट सोडतो, झाकण दाबतो आणि म्हणतो, 'तेहतीस टक्के मारलंय साहेब, ओरिजिनलपेक्षा भारी.' आकडा खरा आहे. पण ते दहा मिली कंपाउंडच आहे कशावरून? तेलात आधीच बिनवासाचं द्रावक मिसळून ते लांबवलेलं असू शकतं. निम्मं द्रावक असेल तर तुमचे तेहतीस टक्के साडेसोळावर आले. ओळखायचं कसं, तर पुन्हा तीच कागदाची पट्टी. एवढं घट्ट असूनही दुसऱ्या सकाळी पट्टीवर काहीच उरलं नसेल, तर आत वजनदार काही नव्हतं. आणि घरी नेल्यावर बाटली दुधट झाली तर स्पिरिटात पाणी होतं.

मिरजेच्या दर्ग्याजवळ अत्तरं विकणाऱ्या एका चाचांकडे मी अधूनमधून जातो. काचेच्या कुप्यांत खस, हिना, मजमुआ, आणि पहिल्या पावसाचा वास देणारं मिट्टी. भाच्यालाही घेऊन गेलो. त्याने विचारलं, चाचा, हे ईडीपीपेक्षा जास्त टिकतं का? चाचांनी काडीला कापूस गुंडाळून फाया केला, हिन्यात बुडवला आणि त्याच्या मनगटावर एक बारीक रेघ ओढली. 'ह्यात दारू नाही बेटा. उडवायला कोणी नाही, म्हणून बसून राहतं. पण लांबच्या माणसाला नाही येणार. जवळ बसेल त्याला येईल.'

चाचांनी जे सांगितलं ते तंतोतंत बरोबर आहे. फवारा मारला की अल्कोहोल तेलाचा पातळ थर मोठ्या जागेवर पसरवतं आणि उडताना सुरुवातीचा वास हवेत उचलून नेतं. जागा मोठी म्हणून वास लांब जातो, आणि जागा मोठी म्हणूनच तेल लवकर संपतं. अत्तराची रेघ अरुंद, थर जाड, उडायला तोंड लहान. शिवाय पारंपरिक अत्तर चंदनाच्या तेलात उतरवलेलं असतं, आणि चंदन स्वतःच जड. अर्थात आज रस्त्यावरच्या स्वस्त कुपीत खरं चंदन असेल अशी आशा धरू नये. खुद्द चाचाही धरत नाहीत. विचारलं तर सरळ सांगतात की हे चंदनाचं आहे, हे नाही, आणि दोघांच्या भावात दहापट फरक लावतात.

भाच्याने ईडीटी घेतली. वाचलेल्या अडीच हजारांतले थोडे चाचांकडे गेले, हिन्याच्या तीन मिलीसाठी. हल्ली तो कॉलरखाली हिन्याची रेघ ओढतो आणि वरून ईडीटीचे दोन फवारे मारतो. बर्गमोट आणि हिना एकत्र कसे लागतात हे मला विचारू नका. वहिनीचं मत विचाराल तर ते छापण्यासारखं नाही.